पैसे मागणारा मी नव्हे

> माझं व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालंय, मित्रांकडे पैसे मागतायत. त्यांना काय सांगू?

साधा फोन करून सांगा. ग्रुपवर टाकलेला इशारा चोर तुमच्याच नावाने पुसू शकतो. गेल्या गणपतीत माझं झालं, तेव्हा देवगडच्या मामेभावाला 'ब्रो, अर्जंट ८ हजार पाठव' गेलं. मी त्याला जन्मात ब्रो म्हटलेलं नाही, बाबू म्हणतो, म्हणून वाचला. मालवणच्या मित्राने मात्र पाठवले होते.

पाठवलेल्यांना सांगा, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, यूपीआय अ‍ॅपमधला त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. बाकीच्यांना एवढंच, की 'चुकून तुझ्याकडे आलेला' ६ आकडी कोड मागितला तर देऊ नका. माझंही तसंच गेलं. तुम्ही आपल्या नंबरवर पुन्हा नोंदणी करा, एसएमएसचा कोड टाकताच चोर बाहेर पडतो.