मेलबर्नची पाटी: उजवीकडे वळायचंय? डावीकडून वळा!

भटकभवानी: मुलाकडे आलेय. कॉलिन्स स्ट्रीटवर हा फोटो काढला. चौकाच्या वर टांगलेल्या पाटीवर लिहिलंय, 'राइट टर्न फ्रॉम लेफ्ट ओन्ली', आणि खाली हुकासारखा वाकलेला बाण. गाड्या इथेही आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात, मग हे काय प्रकरण? ज्यांनी तिथे गाडी चालवलीय त्यांनी आपापले अनुभव लिहा.

नाशिककर_मेलबर्नात: ह्याला हुक टर्न म्हणतात. कारण ट्राम. रुळ रस्त्याच्या मधोमध. उजवीकडे वळणारी गाडी तिथे थांबली की मागची ट्राम अडकते, तिला बाजूने काढता येत नाही. म्हणून वळणाऱ्याला कडेला काढलंय.

समजा कॉलिन्सवरून पश्चिमेकडे जाताय आणि क्वीन स्ट्रीटला उजवीकडे वळायचंय. डावी लेन धरा, पण इंडिकेटर उजवा. तुमचा सिग्नल हिरवा असताना चौकात शिरा आणि पलीकडच्या टोकाला डाव्या कडेने थांबा, पादचाऱ्यांचे पट्टे सोडून. आता तुम्ही क्वीन स्ट्रीटवर तांबड्याला उभ्या असलेल्या गाड्यांच्या पुढ्यात आहात. त्यांचा सिग्नल हिरवा झाला की वळा. तुम्ही त्यांचेच पुढारी!

बाणेरचा_बाळ्या: सोपं आहे. मेलबर्नमध्ये ट्राम दिसली की डावीकडून वळायचं.

नाशिककर_मेलबर्नात: नाही हो. पाटी असेल तिथेच. शहराबाहेर ट्रामच्या कितीतरी रस्त्यांवर नेहमीसारखंच उजव्या बाजूने वळतात.

आजोबा_ठाणे: म्हणजे आपल्या फ्री लेफ्टसारखंच की. ठाण्यात तांबडा असला तरी मागचे हॉर्न मारतात, जा म्हणून.

भटकभवानी: काका, इथे उजवीकडे वळायचंय हो!

सायकलस्वार: मी तिथे सायकलने ऑफिसला जायचे. सायकलला पाटी नसली तरी असं वळता येतं, मनाईचा फलक नसेल तर. उलट मला हेच बरं वाटायचं, दोन लेन ओलांडून मध्यात जायला नको.

रेंटलवाली_ताई: भाड्याची गाडी होती. माझा हिरवा गेला, पिवळा झाला, वाटलं आता वळायचं. नवरा ओरडला, थांब! समोरून एक गाडी पिवळ्यावर सुसाट आलीच. तेव्हापासून मी स्वतःचा सिग्नल बघतच नाही, ज्या रस्त्यात शिरायचं त्याचाच बघते.

नाशिककर_मेलबर्नात: नियमही तेच सांगतो. गोची होते ती आधीच तीन गाड्या वळायला उभ्या असल्या की. शेवटच्याचं शेपूट पादचारी पट्ट्यावर येतं. जागा नसेल तर मी सिग्नलपाशीच थांबतो.

बाणेरचा_बाळ्या: आणि तुमच्या मागे ज्याला सरळ जायचंय, त्याने काय करायचं?

रेंटलवाली_ताई: माझ्या मागचा हॉर्न मारत होता 🙂

नाशिककर_मेलबर्नात: मारू दे. फारच झालं तर मी सरळ पुढच्या चौकात जाऊन वळतो.

सायकलस्वार: तिथेही हीच पाटी निघाली तर?