जड वस्तू आधी पडते का?

सुहास (सांगली): गच्चीवरून सीझन बॉल आणि तेवढ्याच आकाराचा प्लास्टिकचा पोकळ चेंडू एकदम सोडला, तर सीझन बॉल आधी खाली पोहोचतो, हे मी पाहिले आहे. मग वजनाचा काही संबंध नाही, असे शाळेत का शिकवतात?

मिलिंद (सातारा): सुहास, तुला दिसले ते खरेच आहे, कारण मात्र तू दुसरेच धरले आहेस. सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा असतो, प्लास्टिकचा २० ग्रॅमचा धरू. पृथ्वी सीझन बॉलला आठपट जोराने ओढते, पण आठपट वस्तुमानाला तोच वेग द्यायलाही आठपटच जोर लागतो, त्यामुळे नुसत्या ओढीचा हिशेब केला तर दोघे बरोबरच पडायला हवेत. फरक हवा पाडते. आकार आणि वेग सारखे असेपर्यंत हवेचा विरोधही दोघांना सारखाच होतो, आणि सेकंदाला १० मीटर वेग आला की तो सुमारे १२ ग्रॅम वजनाइतका भरतो. १६० मधून १२ गेले तर फारसे बिघडत नाही. २० मधून १२ गेले की निम्मीसुद्धा ओढ उरत नाही.

सुहास: म्हणजे शेवटी जड तोच आधी पडला! आपण हवेतच राहतो, तेव्हा व्यवहारात माझेच म्हणणे टिकते.

मिलिंद: नाही टिकत. वहीचा कागद पसरून सोड, मग तोच चुरगळून घट्ट गोळा करून सोड. वजन तसूभरही वाढले नाही, तरी गोळा कितीतरी आधी पडेल. आता उलट बाजूने पाहा. सीझन बॉलच्या जोडीला १० ग्रॅमचा, बोराएवढा दगडी खडा सोड. तो सोळापट हलका आहे, पण लहान असल्याने त्याला होणारा विरोध जेमतेम एका ग्रॅमचा असतो, त्यामुळे गच्चीच्या उंचीवरून कोण आधी पडला हे डोळ्यांना सांगता येणार नाही. हवाच नसेल तर काय होते, ते १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडून दाखवले. दोन्ही बरोबर खाली आली.

वैशाली (वाई): मग यवतेश्वरच्या उतारावर पॅडल न मारता सायकली सोडल्या की माझा नव्वद किलोचा भाऊ दर वेळी माझ्या पुढे कसा जातो? सायकली तर सारख्याच आहेत.

मिलिंद: तेथेही हवाच. तो तुमच्या दीडपट वजनाचा असला, तरी समोरून वारा अडवणारे त्याचे अंग काही दीडपट होत नाही.

सुहास: आणि टायरचे घर्षण? वजन वाढले की तेही वाढते ना?

मिलिंद: वाढते, पण वजनाच्याच प्रमाणात, म्हणून त्याने कोणी पुढे-मागे होऊ नये.

सुहास: टायरमध्ये हवा सारखी भरली असेल तर! खड्याचे मी करून पाहतो, पण सायकलीचे मला अजून पटलेले नाही.