कंपोझिट तपासताना फ्लिप, झूम आउट आणि डोळे किलकिले करणं: खरी तपासणी की नुसती सवय?

अल्बमवाली_सातारा
लग्नाच्या ग्रुप फोटोत, लग्नाला येऊ न शकलेल्या काकांना बसवायचं काम आहे. काकांचा फोटो मोबाइलवर, त्यांच्या घरात काढलेला. सगळं जुळवल्यावर कॅनव्हास फ्लिप केला, छोटा करून पाहिला, डोळे किलकिले केले. मला काही खटकलं नाही. नवरीच्या आईनं मात्र बघताक्षणी सांगितलं, "भाऊजी चिकटवल्यासारखे दिसतायत." काय चुकलंय ते त्यांनाही सांगता येईना. तुमचा या तीन युक्त्यांवर खरंच भरवसा आहे का?

रंगरेषा
माझा पूर्ण भरवसा आहे. चित्र आरशात बघा म्हणजे दोष दिसतील, हे लिओनार्दोनंही लिहून ठेवलंय. तासन्‌तास एकच चित्र बघितलं की डोळा त्याला सरावतो. फ्लिप केल्यावर तेच चित्र परकं वाटतं, आणि कललेला खांब, एका बाजूला जड झालेली मांडणी, थोडी वाकडी बसलेली मान लगेच बोचते. फक्त एक करा, `Image Rotation` मधून कॅनव्हास फिरवू नका. नव्या फोटोशॉपमध्ये `View > Flip Horizontal` आहे. त्यानं फक्त दिसणं उलटतं, फाइल आहे तशीच राहते. फिरवून परत सुलटं करायचं राहिलं तर गळ्यातल्या हारापासून पाटीवरच्या नावापर्यंत सगळं उलटं छापलं जातं.

फटाफट_एडिट
सहमत. प्रकाशाची चूक तर फ्लिप केल्यावर हमखास कळते. माझ्या अनुभवात उजेड चुकीच्या बाजूनं असला की उलट्या चित्रात पटकन दिसतो.

छायाप्रकाश
इथे मी स्पष्टपणे असहमत आहे. फ्लिप केल्यावर काका आणि बाकीचे नातेवाईक एकत्रच उलटतात. उजेडांमधली विसंगती होती तशीच राहते, डोळ्याला फक्त ताजेपणा मिळतो. आणि प्रकाशाच्या विसंगतीला माणसाची नजर मुळातच ढिली आहे. ऑस्ट्रॉव्स्की, कॅव्हना आणि सिन्हा यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवलंय, की एका दृश्यातल्या काही वस्तूंवर उजेड वेगळ्या दिशेनं पडला तरी बघणाऱ्यांच्या ते सहजी लक्षात येत नाही. म्हणून बनावट फोटो ओळखण्यावर काम करणारे हॅनी फरीद नजरेवर न सोडता रेघा ओढून बघतात. सावलीतल्या एका बिंदूपासून ती सावली टाकणाऱ्या वस्तूवरच्या नेमक्या बिंदूपर्यंत रेघ काढायची. दिवा किंवा सूर्य एकच असेल तर अशा सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच ठिकाणी भेटायला हव्यात. एखादी चुकली तर ती सावली बाहेरची.

तुमच्या कामात मात्र ही पद्धत फारशी चालणार नाही. मंगल कार्यालयात वरचे दिवे, खिडकी, फ्लॅश असे चार उजेड असतात, सावल्या एकमेकींत मिसळतात. तिथे मी आधी दोन गोष्टी बघेन, काळेपणा आणि कॅमेऱ्याची उंची.

काळेपणासाठी सगळ्यात वर करडा `Solid Color` लेयर टाका आणि त्याचा ब्लेंड मोड `Color` करा. रंग जातो, उजळ-गडदपणा उरतो. मग आता डोळे किलकिले करा. काकांची काळी पँट शेजारच्या काळ्या कोटापेक्षा भोकासारखी खोल दिसत असेल तर दोष तिथे आहे. खात्रीसाठी `Info` पॅनेलमध्ये दोन्हींचे आकडे वाचा.

घरगुती_फोटो
मलाही असंच झालं होतं. आजोबांना फ्लिप केलं, कारण बाकीच्यांवर उजेड डावीकडून होता. उजेड जुळला, पण भांग दुसरीकडे गेला आणि सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर आला. घरच्यांनी लगेच ओळखलं. त्यामुळे फ्लिप करूच नये असं मला वाटतं.

रंगरेषा
तुम्ही एकटा माणूस फ्लिप केलात. इथे चाललंय ते तपासण्यापुरतं आख्खं चित्र उलटं बघणं. पण तुमचा मुद्दा साड्यांच्या फोटोत फार कामाचा आहे. एकच बाई उलटी केली तर पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि ते बायकांच्या नजरेतून सुटत नाही.

अल्बमवाली_सातारा
करडा लेयर टाकून बघितलं. कोटाचा सगळ्यात गडद भाग 24 च्या आसपास आहे आणि काकांच्या पँटचा 6. रंगीत चित्रात हे मला अजिबात दिसलं नव्हतं.

छायाप्रकाश
मग मोठा दोष सापडला. हॉलमधल्या उजेडानं लेन्समध्ये थोडी धूसरता येते आणि तिथला काळा वर उचलला जातो. मोबाइल मात्र स्वतःच कॉन्ट्रास्ट वाढवतो. फक्त काकांवर क्लिप केलेला `Curves` घ्या आणि डाव्या खालच्या टोकाचा बिंदू सरळ वर उचला, 6 चे 22 ते 24 होईपर्यंत. ब्राइटनेस वाढवू नका, चेहरा फिका पडेल.

आता कॅमेऱ्याची उंची. दोन्ही फोटोंत फरशीच्या मागे जाणाऱ्या रेषा वाढवा. त्या जिथे भेटतात ती कॅमेऱ्याच्या डोळ्याची पातळी. सपाट जमिनीवर उभ्या, साधारण सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांना ही आडवी रेषा शरीराच्या एकाच भागावर कापते, माणूस पुढे असो की मागे.

अल्बमवाली_सातारा
ग्रुपमध्ये ती सगळ्यांच्या छातीवरून जातेय. काकांच्या फोटोत डोळ्यांवरून.

छायाप्रकाश
म्हणजे ग्रुपचा कॅमेरा स्टँडवर छातीच्या उंचीला होता आणि काकांचा फोटो उभ्या माणसानं मोबाइल डोळ्यांपाशी धरून काढला. त्यांच्या बुटांची वरची बाजू इतरांपेक्षा जास्त दिसत असेल बघा. हे लहान-मोठं करून जुळत नाही. त्यांना दुसऱ्या रांगेत घ्या, पाय झाकले जातील. चेहऱ्याचा कोन थोडा वेगळा राहीलच. छातीच्या उंचीवरून काढलेला दुसरा फोटो मिळाला तर उत्तम.

फटाफट_एडिट
एवढं कोण बघतं? फोटो शेवटी व्हॉट्सॲपवरच फिरणार. झूम आउट करून चांगला दिसला की काम झालं.

प्रिंटरूम
अल्बमचं पान 12 बाय 36 इंचांचं असतं आणि लोक ते मांडीवर घेऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून बघतात. झूम आउट केल्यावर उंची, मांडणी, काळेपणा कळतो, पण पोत दिसेनासा होतो. हॉलमधल्या फोटोला वाढवलेल्या आयएसओचे दाणे असतात, मोबाइलनं काकांचे गाल घासून गुळगुळीत केलेले असतात. हे फक्त 100 टक्क्यांवर कळतं. कानामागची आणि केसांभोवतीची फिकट कडा तर 200 वर. काकांवर थोडा नॉइज टाका, तोही शेजारच्या चेहऱ्याचे दाणे बघून, आणि छापायच्या मापाचा एक तुकडा आधी काढून बघा.

रंगरेषा
हे मान्य. तरी आकडे आणि रेघा कुठे लावायच्या ते आधी नजरच सांगते. नवरीच्या आईनं काही मोजलं नव्हतं.

छायाप्रकाश
त्यांनी चित्र पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि काकांना त्या वर्षानुवर्षं ओळखतात. फ्लिप करून तेवढी नवी नजर मिळते हे मला पटत नाही. मी रात्री संपवलेलं काम सकाळी, करड्या लेयरखालीच, पहिल्यांदा उघडतो.

अल्बमवाली_सातारा
काळा उचलला, काकांना दुसऱ्या रांगेत नेलं, दाणे टाकले. नवरीची आई म्हणाली, "आता बरं आहे, पण भाऊजी कुठे बघतायत?" बाकी सगळे लेन्सकडे बघतायत आणि काकांची नजर जराशी वर आहे. हे फ्लिपमध्येही दिसलं नव्हतं, करड्या लेयरमध्येही नाही. दुसरा फोटो मागवला आहे, या वेळी मोबाइल छातीच्या उंचीला धरायला सांगून.