अनुभव धागा: पहिला कुत्रा, लसीचं कार्ड आणि मोबाईलमधलं ॲप

काळ्याची ताई, लातूर

नमस्कार. आमच्या घरात पहिल्यांदाच कुत्रा आलाय, औशाजवळ मामाच्या शेतावर जन्मलेला देशी, नाव काळ्या. लस, खाणं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हे सगळं ॲपमध्ये ठेवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत म्हणून धागा काढतेय. सुरुवात माझ्यापासून करते, कारण माझ्याकडनं चूक झाली आणि ती कळायला तीन आठवडे गेले.

मामाला तारीख पक्की आठवत होती, ५ ऑगस्ट, त्या दिवशी शेतावर कोळपणी चालली होती. मी ॲपमध्ये टाकलं 05/08. ते ॲप बाहेरच्या देशातलं, त्यात महिना आधी आणि तारीख नंतर, त्यामुळं त्यानं धरलं ८ मे. म्हणजे काळ्या माझ्या हिशोबानं सात आठवड्यांचा आणि ॲपच्या हिशोबानं साडेचार महिन्यांचा. मला काहीच कळलं नाही कारण स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसायलं होतं, फोटो, नाव, केक वगैरे.

२३ सप्टेंबरला पहिली लस झाली, मी नोंद केली. ॲपनं सांगितलं दुसरी १४ ऑक्टोबरला आणि त्यानंतर एकदम पुढच्या वर्षी. खाण्याच्या पानावर लिहिलेलं की दिवसातनं दोनदा द्या. आम्ही दिलं दोनदा, सकाळी आठ आणि रात्री आठ, वरणभात, उकडलेलं अंडं, भिजवलेली भाकरी. ते पोर एवढ्या भुकेनं खायचं की खाल्लं की दहा मिनिटांत ओकायचं, आणि दुपारी ताटली चाटत बसायचं. वजनाच्या आलेखात तीन किलो टाकलं तर लाल रंगात यायचं, वजन कमी आहे म्हणून. मी घाबरून अजून वाढायला लागले, मग जास्तच उलट्या.

१४ तारखेला डॉक्टरांनी कार्डावर पुढची तारीख ४ नोव्हेंबर लिहिली. मी म्हटलं सर, ॲप म्हणतंय आता वर्षानं. त्यांनी माझा मोबाईल हातात घेतला, वय वाचलं, काळ्याचे दात बघितले आणि विचारलं, हा मेमध्ये जन्मला असं कोण म्हणलं? तेव्हा उलगडा झाला. तारीख दुरुस्त केल्याबरोबर ॲपमध्ये खाणं चार वेळा झालं, वजन हिरव्यात आलं आणि लसीच्या तारखा पुढं सरकल्या. आता दिवसाचं तेवढंच खाणं चार भागांत देतो, ओकणं बंद झालंय.

म्हणून ज्यांच्याकडं नवीन पिल्लू आहे त्यांनी तारीख टाकली की आधी ॲपनं वय किती दाखवलं ते वाचा. आता तुम्ही सांगा.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी

ताई, डॉक्टरांनी धरलं हे फार बरं झालं. लोकांना वाटतं दोन लसी झाल्या म्हणजे काम झालं, म्हणून यामागचं कारण सांगतो. पिल्लू आईचा चीक पितं, त्यातनं त्याला आईचं संरक्षण मिळतं. ते रक्तात काही आठवडे टिकतं आणि तेवढे दिवस बाहेरनं दिलेली लस सुद्धा मारून टाकतं. कोणत्या पिल्लात ते आठव्या आठवड्याला संपेल आणि कोणत्या पिल्लात चौदाव्याला, हे बघून सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायची. पहिल्या लसी वाया जातात असं नाही, ज्या पिल्लात संरक्षण लवकर संपलं त्याच्यात त्याच कामाला येतात.

तुमच्या काळ्याचा हिशोब लावून बघा. ५ ऑगस्टपासनं २३ सप्टेंबरला सात आठवडे, १४ ऑक्टोबरला दहा, ४ नोव्हेंबरला तेरा, २५ नोव्हेंबरला सोळा. ॲपचं ऐकलं असतं तर दहाव्या आठवड्यालाच थांबला असतात, आणि त्या दोन्ही लसी आईच्या संरक्षणानं खाल्ल्या असत्या तर पिल्लू पार्व्होला उघडंच राहिलं असतं. कार्डावर दोन स्टिकर आणि पोटात काहीच नाही, अशी पिल्लं मी रक्ताचे जुलाब घेऊन आलेली बघितलीत. रेबीज बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे तुमची ४ नोव्हेंबरला बसते.

एकच करा. ॲपनं स्वतः काढलेल्या तारखा पुसा आणि कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेली तारीख टाका. मधली लस लांबली तर ॲप जुन्याच गणितानं पुढं जातं, कार्ड जात नाही. आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, त्यावर बॅच आणि मुदत असते, त्याचा फोटो ॲपमध्ये ठेवा. नुसती "लस दिली" अशी टिक उद्या दुसऱ्या डॉक्टरला काही सांगत नाही.

रॉकीचे बाबा, जालना

माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही नाईन इन वन घेतली, महागाची, त्यात सगळं येतं, त्यामुळं एकदा टोचली की पुरते, ॲपमध्ये पण सगळे खाने एकदम हिरवे झाले. शिवाय रॉकी फ्लॅटमधनं खाली उतरतच नाही. कोर्स होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर नेऊ नये हे मात्र मी शंभर टक्के पाळलं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी

रस्त्यावर नेलं नाही ते बरोबर केलंत. पण नाईन म्हणजे रोग जास्त, त्यानं डोस कमी होत नाहीत. त्यातल्या लेप्टोला तर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतोच, नाहीतर पहिल्याचा उपयोग नाही. आणि पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, तो तुमच्या चपलेला लागून चौथ्या मजल्यावर येतो. रॉकी किती महिन्यांचा आहे?

रॉकीचे बाबा, जालना

तीन महिने. उद्याच कार्ड घेऊन जातो. ॲपनं हिरवं का दाखवलं मग?

काळ्याची ताई, लातूर

मला वाटतं तुम्ही लसीचं नाव निवडलं की ते त्यातले सगळे रोग "झाले" धरतं, कितवा डोस ते विचारतच नाही. माझ्यातही एकदा तसं झालं होतं.

गोठेवाला, सेलू

आमच्या म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, सरकारी डॉक्टर येऊन मोबाईलमध्ये लाळ्या खुरकूतची लस चढवतात, भारत पशुधनमध्ये. शेतावरच्या दोन कुत्र्यांना पण असाच बिल्ला मारून घ्यावा म्हणतो. कुठं अर्ज करायचा?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी

दादा, तो बिल्ला गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचा. कुत्र्याच्या कानाला मारू नका, पिकेल. तुमच्या दोघांना रेबीजची लस तेवढी चुकवू नका, शेतावरची कुत्री कोल्ह्याशी भिडतात. कागदी कार्ड करून देतील, ते धान्याच्या कोठीत ठेवलं तरी चालेल.

ब्राउनीचा दादा, नांदेड

लसीचं सगळ्यांनी लिहिलंय, मी खाण्याच्या नोंदीबद्दल लिहितो, कारण त्या नोंदीमुळं माझी ब्राउनी वाचली असं मी मनापासून मानतो. आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ किती खाल्लं ते टाकायचो, पूर्ण, अर्धं, शिवलं नाही, एवढंच. मे महिना होता, उन्हानं सगळीच कुत्री कमी खातात म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पण ॲप उघडलं तर सलग चार दिवस "अर्धं", आणि मागच्या मे मधल्या नोंदी बघितल्या तर तेव्हा सकाळचं पूर्ण खायची, फक्त दुपारनंतर कमी. यंदा सकाळी सहालाही अर्धं. हिरड्या बघितल्या तर पांढरट. नेलं, रक्त तपासलं, प्लेटलेट ३८ हजार, गोचीड ताप निघाला.

डॉक्सीचा कोर्स २८ दिवसांचा होता. दहाव्या दिवशी ती उड्या मारायला लागली आणि घरच्यांनी विचारलं आता कशाला गोळी, पण आठवण २८ दिवसांची लावलेली होती म्हणून पूर्ण झाला. गोळी नेहमी खाण्यानंतर, रिकाम्या पोटी उलटी व्हायची.

पुढं आम्ही संभाजीनगरला गेलो आणि तिथं पुन्हा ताप आला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, आधीचा आकडा किती होता आणि औषधानंतर किती झाला. मी ॲपमधनं तीन रिपोर्ट दाखवले, ३८ हजार, मग ९० हजार, मग दोन लाख दहा हजार. ते म्हणाले हा पूर्ण बरा होऊन नव्यानं लागलेला दिसतोय, औषध अर्धवट राहिलेलं नाही. हे त्यांना नुसत्या माझ्या बोलण्यावरनं कळलं नसतं. रिपोर्टचा फोटो टाकताना आकडा आणि तारीख हातानं पण लिहा, नाहीतर शंभर फोटोंत सापडत नाही.

एकत्र कुटुंबातली सून, बीड

आमच्याकडं माणसं नऊ आणि कुत्रं एक. सासूबाई भाकरी घालायच्या, जाऊ दूध घालायची, मी ॲपप्रमाणं वाटी भरायचे, पोट सतत बिघडलेलं. मग एकच खातं चार मोबाईलवर उघडलं आणि जो घालेल त्यानं टिक करायची ठरवलं. सासूबाईंना मोबाईल जमंना, त्यांच्यासाठी फ्रीजवर कागद लावलाय आणि संध्याकाळी मी तो ॲपमध्ये चढवते. महिन्याभरात पोट ताळ्यावर आलं.

जंताचं औषध मात्र चुकलं. सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं होतं, ॲपमध्ये मोठ्या कुत्र्याचं तीन महिन्यांचं लागलेलं. आणि आठवण वाजलीच नाही कारण मोबाईलचा बॅटरी सेव्हर चालू होता, तो ॲपला झोपवतो. आता सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीची सूट दिलीय आणि तीच तारीख कॅलेंडरमध्ये पण टाकते. मागच्या वेळी शेजारणीनं तिच्या कुत्र्याची उरलेली मात्रा दिली होती, मी घेतली नाही, औषध वजनावर असतं आणि आमच्या पिल्लाचं वजन दर महिन्याला बदलतंय.

नवीन सदस्य, अंबाजोगाई

मला रस्त्यावर पिल्लू सापडलंय, जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. ॲप तारखेशिवाय पुढंच जाईना. काय टाकू?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी

पुढचे दात बघा. बारीक सुईसारखे दुधाचे दात सगळे जागेवर असतील तर साधारण दोन-तीन महिन्यांचं. पुढचे पडून रुंद दात येत असतील तर तीन-चार महिने. नक्की कळत नसेल तर वय कमी धरून तारीख टाका. कमी धरलं तर जास्तीत जास्त एखादी लस जादा जाते, जास्त धरलं तर शेवटची लस लवकर होऊन बसते. डॉक्टरांना दाखवून मग तारीख पक्की करा.

काळ्याची ताई, लातूर

काळ्याचं सोळा आठवड्यांचं २५ नोव्हेंबरला झालं, रेबीज पण झालेलं आहे. एक गोष्ट अजून अडलीय. ॲपनं रेबीजची पुढची तारीख तीन वर्षांनी टाकलीय आणि कार्डावर एक वर्षानं लिहिलंय. मी कार्डाचीच ठेवलीय.

ब्राउनीचा दादा, नांदेड

आमच्याकडं दरवर्षी देतो. पण काही लसींच्या माहितीपत्रकावर तीन वर्षं लिहिलेलं असतं हेही खरं आहे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी

पहिल्या वर्षीचा बूस्टर तर द्यायचाच, त्यात दुमत नाही. त्यापुढं कोणती लस वापरली त्यावर आहे, आणि आपल्याकडं भटकी कुत्री एवढी असताना बरेच डॉक्टर दरवर्षीच देतात. मी स्वतः दरवर्षी द्या म्हणेन, पण माझ्याच ओळखीचे दोन डॉक्टर यावर एकमेकांशी सहमत नाहीत. तुमच्या स्टिकरचा फोटो डॉक्टरांना दाखवून विचारा.