मदत हवी आहे: गुणपत्रिकेच्या छायाचित्रावरून श्रेयांकांनुसार सरासरी जुळत नाही, शिवाय दोन तुकड्यांची एकत्रित सरासरी

शिरीष_फूल
नमस्कार. विभागाच्या अहवालासाठी एका विद्यार्थिनीची सत्राची सरासरी पडताळून पाहायची आहे. तिने गुणपत्रिकेचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र पाठवले असून ते थोडे तिरके आहे. त्यावरून मी वाचलेले श्रेयांक आणि श्रेणीगुण असे: सांख्यिकी ६ आणि ६, गणित ६ आणि ७, संगणक २ आणि ८, इंग्रजी ४ आणि ९, प्रात्यक्षिक २ आणि १०. श्रेयांकांची बेरीज २० येते आणि छापील बेरीजही २० आहे. गुणाकारांची बेरीज १५० येते, म्हणजे सरासरी ७.५०, पत्रिकेवर मात्र ७.४० असे स्पष्ट छापले आहे. गुणाकारांचा रकाना घडीवर आल्याने वाचता येत नाही.

दुसरा प्रश्न असा की अ तुकडीत ६० विद्यार्थी असून सरासरी ७.२ आहे, ब तुकडीत ४० असून सरासरी ६.२ आहे. दोन्ही मिळून किती लिहावी?

पाऊलवाट
दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. ७.२ आणि ६.२ यांची मधली संख्या ६.७ घेऊ नका, कारण अ तुकडी मोठी आहे. ६० × ७.२ म्हणजे ४३२, ४० × ६.२ म्हणजे २४८, बेरीज ६८०, भागिले १००, म्हणून ६.८०. पहिल्या प्रश्नात विद्यापीठाचीच छपाई चुकली असावी; तुमची आकडेमोड बरोबर आहे.

आकडेमोड
छपाईला दोष देण्याआधी उलटा हिशेब करून पाहावा. ७.४० हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असल्याने २० श्रेयांकांवर गुणाकारांची बेरीज १४७.९ ते १४८.१ यांच्या दरम्यानच असू शकते, आणि ती पूर्ण संख्या असल्यामुळे १४८ हेच उत्तर उरते. तुमच्या बेरजेत २ जास्त आहेत.

तिरक्या छायाचित्रात एका ओळीचा आकडा शेजारच्या ओळीसमोर वाचला जातो. असे झाले की श्रेयांकांची बेरीज बदलत नाही, म्हणून २० जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. संगणक आणि इंग्रजी यांचे श्रेयांक अदलाबदल करून पाहा: ४ × ८ = ३२ आणि २ × ९ = १८, मिळून ५०; तुमच्याकडे १६ आणि ३६ मिळून ५२ होते. नेमका २ चा फरक. लगतच्या इतर कोणत्याही दोन ओळी बदलून १४८ येत नाहीत.

तरी एक शंका उरते. संगणकाचा श्रेणीगुण ८ ऐवजी ७, किंवा प्रात्यक्षिकाचा १० ऐवजी ९ असला तरी २ च कमी होतात. अंकाशेजारची अक्षरश्रेणी वाचता येते का? १० असेल तर ‘ओ’ आणि ८ असेल तर ‘ए’ दिसायला हवे. ७ ला ‘बी प्लस’ असते.

शिरीष_फूल
अक्षरे स्पष्ट आहेत: प्रात्यक्षिकाला ‘ओ’ आणि संगणकाला ‘ए’. म्हणजे श्रेयांकच सरकलेले दिसतात. तरीही पत्रिका सपाट ठेवून पुन्हा छायाचित्र काढण्यास तिला सांगितले आहे.

मावळती
माझ्या मुलीचे पहिले सत्र ७.४० आणि दुसरे ८.०० आहे, तर वर्षाची सरासरी ७.७० लिहायची ना? दुसऱ्या सत्रात २४ श्रेयांक होते.

आकडेमोड
पहिल्या सत्रात २० असतील तर नाही, ताई. १४८ आणि १९२ मिळून ३४०, त्याला ४४ ने भागले की ७.७३ येते. सत्रांचे श्रेयांक सारखे असते तरच ७.७० बरोबर ठरले असते.

पाऊलवाट यांची तुकड्यांची रीत योग्य आहे, पण गुणायची संख्या पटावरची नसून ज्यांचे गुण त्या सरासरीत धरले गेले त्यांची असावी लागते. शिरीष, ब तुकडीतले सगळे परीक्षेला बसले होते का?

शिरीष_फूल
नाही, चार जण अनुपस्थित होते. ६.२ ही सरासरी मला तयार मिळाली आहे.

आकडेमोड
मग दोन शक्यता आहेत. चौघांना वगळून ती काढली असेल तर ३६ × ६.२ म्हणजे २२३.२, त्यात ४३२ मिळवून ९६ ने भागले की सुमारे ६.८३ येते. त्यांना शून्य धरून ४० वर काढली असेल तर ६.८० राहते, पण मग प्रत्यक्ष परीक्षा दिलेल्या ३६ जणांची सरासरी ६.२ नसून ६.८९ च्या आसपास असते. अ तुकडीसाठीही हाच प्रश्न विचारा.

पाऊलवाट
अहवालात एकच दशांश स्थळ असेल तर दोन्ही शक्यतांत ६.८ च लिहिले जाईल ना?

आकडेमोड
लिहिले जाईल, आणि मूळ सरासऱ्या एकाच दशांशापर्यंत असल्याने त्याहून अधिक अचूकतेचा दावा करताही येणार नाही, ७.२ म्हणजे ७.१५ सुद्धा असू शकते. मात्र संख्या १०० लिहायची की ९६, हे अहवालात सांगावेच लागेल.

शिरीष_फूल
कार्यालयात विचारते. अ तुकडीतही अनुपस्थित होते की नाही, हे मला अजून कळलेले नाही.