मदत हवी आहे : कठोर परीक्षणाच्या जाहीर उत्तरात चुकीचा तपशील खोडून काढावा का?

नमस्कार. माझा घरगुती उपकरणे दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे. एका ग्राहकाने एकच तारा देऊन लिहिले आहे की, आमचा कारागीर ठरलेल्या वेळी तीनदा आला नाही, फोन कोणी उचलला नाही आणि आम्ही लोकांना फसवतो. नोंदवही पाहिली असता दोन वेळा चूक आमचीच होती, तिसऱ्या वेळी मात्र त्यांनीच दिवस बदलला होता. फोनची तक्रार पूर्णपणे खरी आहे.

पहिल्या मसुद्यातील 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य कोणत्याही तक्रारीखाली चिकटवता येईल असे असल्याने मी ते काढले. आता मजकूर असा आहे : "मंगळवारी आणि गुरुवारी आमचा माणूस आला नाही, आम्ही तसे कळवले नाही आणि आपला फोनही उचलला नाही. ही चूक आमची आहे. मला क्षमा करा. आपल्या सोयीच्या दिवशी मी स्वतः येईन. त्यासाठी आज आपल्याला फोन करत आहे."

तिसऱ्या भेटीचा खुलासा केला, तर कबुलीचे रूपांतर वादात होईल आणि ग्राहकाशी झालेले खासगी बोलणे मी चव्हाट्यावर आणल्यासारखे होईल, असे मला वाटते. पण गप्प राहिलो, तर वाचणारे 'फसवतात' हा आरोपही मान्य केला असे समजतील का? हा खुलासा फोनवरच करावा, की उत्तरात एका वाक्यात यावा? आला तर तो कोणत्या शब्दांत, हे कृपया सुचवावे.