मामा, काका आणि स्पॅनिशमधला तीओ

गंगापूररोडकर: माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात, इथे नाशकातच. मुलगा स्पेनचा. त्याच्याकडची आठ माणसं येताहेत आणि त्यांच्यासाठी विधींची एक पानाची माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय, कारण काय तर मी दोन वर्षं स्पॅनिशचा क्लास केला. पहिल्याच वाक्यावर गाडी अडली: 'अंतरपाटापाशी मुलीला तिचा मामा घेऊन येतो.' तो मामा म्हणजे मीच. इथे नुसतं 'तीओ' लिहिलं तर त्यांना काय कळणार? मुलीचे दोन काकाही मांडवात असतील.

सिडकोतला एक: सोपं आहे की. काका म्हणजे तीओ पातेर्नो, मामा म्हणजे तीओ मातेर्नो. शब्दकोशात दोन्ही आहेत. विषय संपला.

स्पॅनिशच्या बाई: शब्द बरोबर आहेत, पण विषय संपत नाही. 'तीओ मातेर्नो' वाचताना वारसाहक्काच्या कागदासारखं वाटतं. घरात तिकडचं पोर काकालाही तीओ म्हणतं, मामालाही तीओच. आत्याच्या आणि मावशीच्या नवऱ्यालाही तेच. कुणी मुद्दाम विचारलं तर 'तीओ पोर पार्ते दे माद्रे', म्हणजे आईकडचा, असं सांगतात. शिवाय 'मिस तीओस' म्हटलं की दोन मामा की मामा-मामी, हे मागच्या-पुढच्या वाक्यावरूनच ओळखायचं. तुम्ही सरळ 'एल एर्मानो दे ला माद्रे' लिहा, आईचा भाऊ. यात गोंधळाला जागाच नाही.

पंचवटीची आत्या: एवढा खटाटोप कशाला? मामा, काका हे आपलेच शब्द रोमन लिपीत ठेवा आणि पुढे अर्थ द्या. त्यांनाही दोन मराठी शब्द कळू देत.

स्पॅनिशच्या बाई: आत्या, हे दोनच शब्द नको हो! 'मामा' वाचून ते आई समजतील. त्यातही जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर आई, पहिल्यावर दिला तर स्तन असाही अर्थ होतो. आणि काका? लहान मुलांच्या शीला स्पॅनिशमध्ये अगदी हाच उच्चार आहे. 'आता वधूचे काका अक्षता देतील' हे वाचून आठ पाहुण्यांचं काय होईल, बघा. आत्या आणि मावशी खुशाल ठेवा, त्यांना धोका नाही.

पंचवटीची आत्या: अगं बाई! आमच्या दिरांना सांगायलाच हवं हे.

गंगापूररोडकर: हसून पुरेवाट. पण मग 'पाद्रीनो' कसं वाटतं? तिकडच्या लग्नात मुलीला घेऊन येणारा तोच ना?

स्पॅनिशच्या बाई: अर्धं बरोबर. स्पेनमध्ये पाद्रीनो बहुतेक वेळा मुलीचे वडीलच असतात आणि तेच तिला वेदीपर्यंत आणतात. म्हणून तुम्हाला पाद्रीनो म्हटलंत, तर मुलाच्या आईच्या मनात येईल, 'वडील कुठे गेले? काही भांडण वगैरे?' खरी अडचण शब्दाची नाही, कामाची आहे. तेव्हा वाक्य असं करा: 'मुलीला तिच्या आईचा भाऊ घेऊन येतो, हा मान त्याचा. वडील तिथेच असतात, कन्यादान ते आणि आई मिळून करतात.' एवढं वाचलं की काका आणि मामा वेगळे का, ते त्यांना आपोआप कळेल.

जुना वाचक, देवळाली: गंमत म्हणजे लॅटिनमध्ये आपल्यासारखाच भेद होता. काका पात्रुउस, मामा आवुनकुलुस. स्पॅनिशने दोन्ही टाकले आणि ग्रीकमधून आलेला तीओ घेतला. फ्रेंचने मामाचा शब्द ठेवला, तोही काकाला लावून टाकला. पण स्पॅनिश नात्यांत गरीब आहे असं समजू नका. व्याह्याला 'कोनस्वेग्रो' आहे. साडूला 'कोनकुन्यादो', जावेला 'कोनकुन्यादा'. इंग्रजीत यांपैकी एकालाही धड शब्द नाही.

सिडकोतला एक: म्हणजे रिक्षावाल्या काकांनाही तीओ म्हणायचं का?

स्पॅनिशच्या बाई: अजिबात नको. स्पेनमध्ये तरुण पोरं एकमेकांना 'तीओ' म्हणतात ते 'यार' या अर्थाने. खेड्यात वयस्कर माणसाच्या नावाआधी लावायची पद्धत आहे खरी, पण पाहुण्याने त्या वाटेला जाऊ नये.

ओझरची सून: माझा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या मुलाने मावशीच्या नवऱ्याला काय म्हणायचं? माहेरी सगळे 'काका' म्हणतात, सासूबाई म्हणतात काका फक्त बापाचा भाऊ, याला 'मावसोबा'च म्हणायचं. रोज वाद.

देवळाली: सासूबाई शब्दाला धरून आहेत. पण नाशकात मी तरी 'काका'च जास्त ऐकतो.

पंचवटीची आत्या: आमच्याकडे मावसोबाच. आणि आत्याच्या नवऱ्याला आतोबा. आमचे हे दोन्ही नावांना ओ देतात.

गंगापूररोडकर: वाक्य पक्कं झालं, बाई, आभार. आता मामी कुठे उभी राहते हे लिहायचंय. लग्नाने नात्यात आलेल्या मामी-काकूला तिकडे 'तीआ पोलितिका' म्हणतात, ते चालेल का? वाचून वाटतं बायको निवडणुकीला उभी आहे.